पिशवीचा काय गुन्हा?

दिवाळीच्या अंकात हा विषय कशाला, असे म्हणून काही जणी पान उलटतील. उलटोत बापड्या! पण चकल्या पाडता पाडता "यंदा लक्ष्मीपूजनाला माझी अडचण येते की काय?" असा हिशेब ज्या घरात होत नाही, असे एक तरी घर मला आमच्या जुन्नरात दाखवावे. हिशेब चालतो, त्याचे कारण सांगितलेले मात्र चालत नाही! र. धों. कर्व्यांनी 1927 साली ‘समाजस्वास्थ्य’ काढले, त्याला शंभर वर्षे होत आली. आम्ही अजून ‘अंगात उष्णता वाढली’ याच्यापुढे सरकलेल्या नाही.

माझ्या धाकट्या जावेचीच गोष्ट घ्या. वय अडतीस. वर्षानुवर्षे तिची पाळी एकोणतिसाव्या दिवशी यायची. यंदा भिंतीवरच्या कॅलेंडरात खुणा पडल्या त्या अशा: 2 जून, 27 जून, 22 जुलै, 16 ऑगस्ट. दर खेपेस पंचवीस दिवस. सासूबाईंनी पपई बंद केली, शेजारणीने सब्जा दिला, आणि एका दवाखान्यात तिला सांगण्यात आले, "दोन मुले झाली ना? मग पिशवी काढून टाका." ती रडत माझ्याकडे आली. "ताई, मला कॅन्सर तर नसेल?"

मी तिला कॅलेंडरासमोर बसवले. पाळीच्या चक्राचे दोन भाग असतात. पहिल्या भागात बीजकोशातली एक बीजपुटिका, म्हणजे स्त्रीबीजाभोवतीची बारीकशी पिशवी, वाढते आणि शेवटी बीज बाहेर पडते. तेथून पुढच्या पाळीपर्यंतचा दुसरा भाग साधारण चौदा दिवसांचा, आणि तो फारसा हलत नाही. 27 जूनपासून चौदा दिवस मागे मोजले की 13 जून येतो. म्हणजे बीज सुटण्याआधी फक्त अकरा दिवस गेले. पूर्वी पंधरा जायचे. हरवलेले चारही दिवस पहिल्याच भागातले!

ते का हरवले? मुलगी वयात येते तेव्हा तिच्या बीजकोशांत तीन-चार लाख पुटिका असतात. अडतिशीच्या सुमारास पंचवीस हजारांच्या आसपास उरतात. लहान पुटिका ‘इन्हिबिन बी’ नावाचे द्रव्य सोडतात. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी ‘एफएसएच’ हे संप्रेरक पाठवून पुटिकांना वाढायला लावते. इन्हिबिन तिला आवरून धरते. पुटिका कमी झाल्या की हा लगाम सैल पडतो आणि एफएसएच लवकर चढते, पुष्कळदा मागची पाळी सुरू होण्याच्या आधीच. पाळीचा पहिला दिवस उजाडतो तेव्हा पुढची पुटिका वाटेला लागलेलीही असते. ती धावत नाही. लवकर निघते, म्हणून लवकर पोहोचते. यात उष्णतेचा संबंध कुठे आला?

आणि पिशवीचा गुन्हा तरी काय? घड्याळ आहे बीजकोशात. गर्भाशय बिचारे ठोके तेवढे वाजवते. ठोके ऐकू येतात म्हणून घंटाच काढून टाकायची? बीजकोशही त्याबरोबर काढले, तर अडतिसाव्या वर्षी एका रात्रीत पाळी जाते आणि हाडे अवेळी झिजू लागतात. हे अतिशयोक्तीने म्हणत नाही. आमच्या तालुक्यात ऊस तोडायला टोळ्या येतात, त्यांत बीडकडच्या बायका असतात. 2019 साली सरकारी समितीने बीड जिल्ह्यातील सुमारे 82 हजार ऊसतोड बायकांची पाहणी केली. त्यांतल्या 13 हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले निघाले. कित्येकींनी चाळिशीही पाहिली नव्हती.

मात्र ‘वयाचे आहे’ म्हणून सगळेच अंगावर काढू नये. एकवीस दिवसांच्या आत पाळी येऊ लागली, मधेच किंवा संबंधानंतर रक्त दिसले, आठ दिवसांहून जास्त गेले, गाठी पडल्या किंवा तासातासाला पॅड बदलावे लागले, तर तपासणी हवीच. थायरॉईड किंवा गर्भाशयातली गाठही असू शकते. चक्र नियमित असूनही वर्षाला दोन पाळ्या जादा होतात, म्हणून हिमोग्लोबिन पाहावे. आणि ‘पहिले दहा दिवस निर्धास्त’ या हिशेबावर तर मुळीच विसंबू नये. पुरुषबीज पाच दिवस जगते; बीज बाराव्या दिवशी सुटणार असेल, तर सातव्या दिवसापासूनच दिवस राहू शकतात.

जावेची सोनोग्राफी झाली, थायरॉईड तपासले. दोन्ही ठीक निघाले. हिमोग्लोबिन तेवढे कमी होते. लोहाच्या गोळ्या चालू आहेत. पुढे कधी पाळ्या लांबतील, चुकतील, मग थांबतील, हेही तिला सांगून ठेवले आहे. कॅलेंडरावर खूण ती करतेच आहे. पिशवी जिथल्या तिथे आहे, आणि पपई पुन्हा घरात आली आहे.