मालपुव्याची जाळी



गेल्या महिन्यात एका भगिनींनी विचारणा केली होती की, आदल्या रात्री पीठ भिजवायचे नाही, खमीर किंवा सोडा घालायचा नाही, अंड्याचा तर प्रश्नच नाही, मग आपल्या घरचा मालपुवा जाड पोळीसारखाच व्हायचा काय? बाजारात दिसतो तसा कडेला झालर असलेला, कुरकुरीत मालपुवा आपल्या नियमांत बसतो की नाही? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर ‘बसतो’ असे आहे. मात्र ते पिठात काय घातले यापेक्षा पीठ किती पातळ आहे आणि तूप किती तापले आहे यावर अधिक अवलंबून आहे.

मराठी घरांत तळणीतील जाळी म्हटली की अनारसा आठवतो. अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजत ठेवावे लागतात. जे बासी व चलितरसाचा विचार काटेकोरपणे पाळतात त्यांना तो मार्ग बंद आहे. रमजानात महंमद अली मार्गावर मिळणाऱ्या प्रसिद्ध मालपुव्यात अंडे असते. त्याने मालपुवा फुगतो आणि मऊ होतो, पण तो आपल्या कामाचा नाही. आपल्याला आदर्श घ्यायचा तर पुष्करचा घ्यावा. तेथे दूध आटवून त्यातच मैदा कालवतात आणि पसरट तईत थोड्या साजूक तुपात मालपुवे सोडतात. कडा पातळ, तांबूस आणि छिद्राछिद्रांच्या, मध्यभाग मात्र मऊ. आंबवण्याची त्यात काहीच गरज नाही.

ही जाळी होते कशी, हे आधी समजून घेऊ. पळीभर पीठ तुपात पडले की ते मध्यापासून बाहेर पसरते. पसरता पसरता कडेला त्याचा थर अगदी पातळ उरतो. त्या पातळ थरातील पाणी उकळून वाफ होते आणि थराला भोके पाडून निघून जाते. भोकांमधले उरलेले पीठ त्याच वेळी वाळून कडक झाले की जाळी तयार झाली. म्हणजे दोन गोष्टी जुळल्या पाहिजेत. पिठाने पसरायला हवे, आणि पसरून झाल्यावर लगेच तुपाने त्याला धरायला हवे. पीठ घट्ट असेल तर पातळ कडच उरत नाही. तूप फार तापले असेल तर पीठ पसरण्याआधीच धरले जाते. तूप कोमट असेल तर ते धरलेच जात नाही; पीठ पसरते, तूप पिते आणि उलटताना तुटते.

आता प्रमाण. आमच्या गोरेगावात आरेच्या तबेल्यांमुळे म्हशीचे दूध मिळण्याची सोय जुनी आहे. या कामाला तेच चांगले. एक लिटर दूध जाड बुडाच्या पातेल्यात सतत ढवळत आटवून निम्मे करावे व पूर्ण गार होऊ द्यावे. बाजारचा खवा कधीचा आहे हे कळत नाही, म्हणून दूध घरीच आटवलेले बरे. 200 मिलिलिटरची एक वाटी घ्यावी. एक वाटी चाळलेला मैदा, दोन चमचे बारीक रवा, एक लहान चमचा साखर, भरडलेली बडीशेप आणि वेलदोडा एकत्र करून त्यात दीड वाटी आटवलेले दूध थोडे थोडे घालत गुठळ्या मोडाव्यात. उरलेले दूध आणखी आटवले की वरून घालण्यापुरती रबडी होते. पिठात साखर याहून जास्त नको. थोडी साखर कडांना रंग देते. जास्त झाली तर मालपुवा तुपात विरघळल्यासारखा सुटतो आणि तळाला चिकटून करपतो. गुठळ्या मोडल्या की घोटणे थांबवावे. मैदा फार घोटला तर त्याला चिवटपणा येतो, पीठ पसरायला कुरकुरते आणि मालपुवा चामट होतो. रवा त्या चिवटपणाला थोडा आळा घालतो.

पीठ वीसेक मिनिटे झाकून ठेवावे. या वेळात रवा फुगतो आणि पीठ निश्चितच घट्ट होते, म्हणून खरी परीक्षा नंतर घ्यायची. पळी वर उचलून पीठ सोडावे. धार सलग पडावी, तुटू नये, आणि तिची रेघ खालच्या पिठावर तीन-चार सेकंद दिसून विरून जावी. रेघ तशीच राहिली तर साधे दूध एकेक चमचा घालावे. दोन-तीन चमचे सहसा लागतातच. रेघ उमटलीच नाही तर पीठ फार पातळ झाले. चमचाभर मैदा दुधात कालवून मिसळावा. पावसाळ्यात आपल्याकडच्या दमट हवेने मैदा आधीच ओलसर असतो, त्यामुळे त्या दिवसांत दूध थोडे कमी लागते. प्रमाण पाठ करण्यापेक्षा धारेकडे पाहणे अधिक भरवशाचे.

आमच्या घरी भिजवलेले पीठ दोन घटिकांपेक्षा, म्हणजे 48 मिनिटांपेक्षा, अधिक वेळ ठेवत नाहीत. या प्रमाणात बाराएक मालपुवे होतात आणि एका वेळी एकच तळायचा तर तेवढ्या वेळात सगळे उरकत नाही. म्हणून कोरडे जिन्नस दोन भागांत ठेवून अर्धे पीठ आधी भिजवतात, आणि पहिले मालपुवे तळायला घेताना उरलेले अर्धे. नियम धर्माचा असला तरी पाककृतीलाही तो सोयीचाच पडतो, कारण पीठ जितके थांबेल तितके घट्ट होत जाते आणि शेवटचे मालपुवे जाड निघतात.

भांडे तईच हवे, किंवा सपाट बुडाचे पसरट पातेले. खोलगट कढईत पीठ मध्यभागी गोळा होते आणि कडा पुरीसारख्या बंद होतात. वीस सेंटिमीटर बुडाच्या तईत बोटाच्या जाडीइतके तूप हवे. त्याला साधारण 400 ग्रॅम लागते. तूप सुरुवातीलाच पुरेसे घ्यावे. मध्येच गार तूप ओतले की उष्णता उतरते आणि पुढचे दोन मालपुवे बिघडतात. विगईचा त्याग करणाऱ्यांना ठाऊकच असेल की, नवे तूप न घालता तळलेल्या तीन घाण्यांनंतरची तळण निवियाती मानण्याचा संकेत आहे. त्याचा खुलासा महाराजसाहेबांकडून करून घ्यावा. स्वयंपाकाच्या बाजूने पाहता, मध्ये तूप न ओतणे एवढे त्यातून सहज साधते.

आता उष्णता. पुरीसाठी तापवतो तितके तूप मालपुव्याला चालत नाही. आटवलेल्या दुधातील घटक आणि साखर लवकर तांबूस होतात, त्यामुळे कड्या तुपात बाहेरून रंग येतो आणि मध्ये कच्चे राहते. ज्यांच्याकडे तापमापक आहे त्यांनी 150 ते 160 अंश सेल्सिअस धरावे. ज्यांच्याकडे नाही त्यांनी पिठाचा एक थेंब सोडावा. तो तळाला जाऊन तीन-चार सेकंदांत बारीक बुडबुडे सोडत वर यावा आणि पांढराच राहावा. पडताक्षणीच वर उसळून तांबूस झाला तर तूप फार तापले. तळाशीच बसून राहिला तर अजून तापायचे आहे.

आमच्याच इमारतीतील एका घरच्या सूनबाईंचे उदाहरण सांगतो. ऑगस्टअखेरचा दिवस होता. सासूबाईंचा चौविहार, म्हणजे सातच्या सुमारास सूर्यास्त होण्याआधी सर्व आटोपायचे. पाच वाजता त्या दार वाजवून म्हणाल्या, “काका, सोडा घालू का? जाळी काही पडत नाही.” मी म्हटले, “सोडा राहू द्या, आधी काय होते ते पाहू.” पहिले दोन मालपुवे जाड, कडा गोल आणि गुळगुळीत. धार पाहिली तर रेघ तशीच उभी राहत होती. तीन चमचे दूध घातल्यावर तिसरा छान पसरला, पण कडेला भोके न पडता बाहेर पिठाचे सुटे ठिपके उडाले आणि कड लगेच काळसर झाली. हे तूप फार तापल्याचे लक्षण. गॅस बंद करून दोन मिनिटे थांबलो, मग मंद आचेवर थेंबाची परीक्षा घेऊन चौथा सोडला. कडेला बारीक बुडबुड्यांची माळ उठली आणि ती शांत झाल्यावर जाळी दिसली. सोड्याने मध्यभाग फुगला असता. कडांना त्याचा काही उपयोग नव्हता. साडेसहाला ताट वाढून झाले.

पीठ सोडताना पळी तुपाच्या अगदी जवळ धरून सगळे पीठ एकाच जागी, सावकाश ओतावे. पळी फिरवू नये, पीठ आपोआप गोल पसरते. मालपुवा वर आला की झाऱ्याने त्याच्यावर तूप उडवावे. कडा बदामी झाल्या आणि बुडबुड्यांचा आवाज मंदावला की एकदाच उलटावा. दुसरी बाजू निम्म्या वेळात होते. काढताना दोन झाऱ्यांमध्ये मध्यभाग हलकेच दाबून तूप निथळवावे. कडा दाबू नयेत, त्या मोडतात.

पाकासाठी दीड वाटी साखर आणि पाऊण वाटी पाणी उकळून, बोटांत धरल्यावर चिकट लागेल आणि तार तुटेल, इतपतच ठेवावे. त्यात केशर व लिंबाचे चार थेंब घालावेत. पक्का एकतारी पाक झाला तर तो कडांवर साखरेचा पांढरा थर धरतो. फार पातळ राहिला तर त्यातले पाणी कडा मऊ करते. पाक बोट सोसेल इतका कोमट आणि मालपुवा गरम असावा. प्रत्येक बाजू दहा-पंधरा सेकंदांहून अधिक बुडवू नये, आणि नंतर ताटात न ठेवता जाळीवर निथळावा. काही घरांत पाक केवळ मध्यभागावर पळीने घालतात. कुरकुरीतपणाची ज्यांना अधिक आवड आहे त्यांना तीच पद्धत मानवेल. रबडीही मध्यावरच घालावी.

इतके करूनही पाकात बुडवलेल्या कडा दहा-पंधरा मिनिटेच कुरकुरीत राहतात. स्वामीवात्सल्यासारख्या मोठ्या पंगतीत म्हणूनच मालपुवे आधी फिकटच तळून ठेवतात आणि वाढण्याच्या वेळी पुन्हा तुपात सोडून रंग आणतात. पाक अगदी शेवटी. घरीही पाहुणे थोडे पुढेमागे येणार असतील तर असेच करावे.

तळून झाल्यावर तूप कोमट असतानाच पातळ फडक्यातून गाळावे. तळाशी बसलेले पिठाचे काळे कण राहिले तर पुढच्या वेळी तूप लवकर धुरकटते आणि कडू वास येतो. गाळलेले तूप पोळ्यांना लावून दोन-तीन दिवसांत संपवावे. मालपुव्यासाठी पुन्हा वापरू नये, कारण त्याने कडा शिजण्याआधीच रंग धरतात.