‘डीएम करा’ म्हणणारी नोकरी : चार ओळींत काय लिहायचे आणि ‘कधी रुजू होणार’ हे का लपवू नये?

‘अँड्रॉइड डेव्हलपर हवा. पुणे, आठवड्यातून तीन दिवस ऑफिस. अनुभव 3 ते 5 वर्षे. नेटवर्क नसतानाही चालणाऱ्या ॲपवर काम. थोडक्यात स्वतःबद्दल आणि कधी उपलब्ध आहात ते मला थेट मेसेज करा. कमेंटमध्ये इंटरेस्टेड लिहू नका.’ लिंक्डइनवर अशा धाटणीच्या पोस्ट रोज दिसतात. आणि त्याखाली पहिल्या तासातच ‘इंटरेस्टेड’ अशा कमेंटची रांग लागते. पोस्ट टाकणाऱ्याची निम्मी चाळणी तिथेच होऊन जाते.

अशी पोस्ट बहुतेकदा एचआर विभाग टाकत नाही. ज्याच्या टीममध्ये माणूस कमी आहे, तो टीम लीड किंवा लहान कंपनीचा संस्थापक स्वतः लिहितो. त्याच्याकडे अर्ज गाळणारे सॉफ्टवेअर नसते. असतो तो फोन आणि दोन मीटिंगमधली दहा मिनिटे. म्हणून तो रेझ्युमे मागत नाही, दोनच गोष्टी मागतो : हे काम तुम्ही केले आहे का आणि कधी येऊ शकता?

पहिली ओळ वाया जाते ती अशी

फोनवर इनबॉक्स उघडला की प्रत्येक मेसेजची जेमतेम एक ओळ दिसते. ‘आदरणीय सर, आशा आहे की आपण मजेत असाल’ ही ओळ तिथे बसली, तर शंभर मेसेजमध्ये तुमचा कोणता हे ओळखण्याचा मार्गच उरत नाही. त्याहून वाईट सवय म्हणजे तुकड्यातुकड्यांत पाठवणे. आधी ‘हाय’, मग ‘सर’, मग रेझ्युमेची फाइल. इनबॉक्सच्या यादीत शेवटचा मेसेज दिसतो, म्हणजे वाचणाऱ्याला दिसते ती फक्त एका जोडलेल्या फाइलची खूण.

समोरची व्यक्ती तुमच्या ओळखीत नसेल, तर आणखी एक अडचण. लिंक्डइनच्या मोफत खात्यावरून अनोळखी व्यक्तीला सहसा थेट मेसेज जात नाही. कनेक्शनची विनंती आणि सोबत छोटी चिठ्ठी एवढेच जमते. मोफत खात्याला त्या चिठ्ठीसाठी 200 अक्षरांची मर्यादा आहे आणि महिन्याला अशा मोजक्याच चिठ्ठ्या मिळतात. तेव्हा चिठ्ठीत पद, अनुभव आणि रुजू होण्याची तारीख एवढेच टाकावे. बाकीचे विनंती स्वीकारल्यावर.

वर दिलेल्या पोस्टला चार वर्षे अनुभव असलेल्या एखाद्या डेव्हलपरने काय लिहावे? समजा, ती सध्या दुकानदारांच्या ऑर्डर घेणाऱ्या ॲपवर काम करते आणि तिचा नोटीस पिरियड 60 दिवसांचा आहे. ‘मेहनती, टीम प्लेअर, झपाट्याने शिकणारी’ हे शब्द कोणीही लिहू शकतो, त्यामुळे त्यांनी काहीच सिद्ध होत नाही. मेसेज बहुधा इंग्रजीत जाईल, पण त्याचा गाभा असा हवा :

‘अँड्रॉइड डेव्हलपर, पुणे, 4 वर्षे, कोटलिन. पोस्टमध्ये नेटवर्क नसताना चालणाऱ्या ॲपचा उल्लेख आहे. मी तेच काम करते. आमचे विक्री प्रतिनिधी रेंज नसलेल्या गावांत ऑर्डर घेतात. ऑर्डर आधी फोनमध्येच साठते आणि नेटवर्क आले की सर्व्हरकडे जाते. एकच ऑर्डर दोनदा नोंदली जात होती. प्रत्येक ऑर्डरला फोनवरच वेगळा क्रमांक देऊन आणि तो क्रमांक पुन्हा आला तर सर्व्हरने दुर्लक्ष करावे अशी व्यवस्था करून ते थांबवले. नोटीस 60 दिवस, राजीनामा दिलेला नाही. 10 जूनला ऑफर लेटर मिळाले तर 10 ऑगस्टला रुजू होऊ शकते. बोलण्यासाठी रोज सायंकाळी 7 नंतर किंवा शनिवारी.’

यातले सर्वांत वजनदार वाक्य दुहेरी ऑर्डरचे आहे. नेटवर्क मध्येच तुटले की ॲपला पोच मिळत नाही, म्हणून ते तीच ऑर्डर पुन्हा पाठवते. हे दुखणे ज्याने सोसले आहे त्यालाच ठाऊक असते, आणि पोस्ट टाकणाऱ्याने ते नक्कीच सोसलेले असते. तो पुढचा प्रश्न तिथूनच विचारेल. मात्र अशा वर्णनात सध्याच्या कंपनीच्या ग्राहकाचे नाव, कोड किंवा आतल्या स्क्रीनचे फोटो देऊ नयेत. गोपनीयतेच्या कराराचा प्रश्न आहेच, शिवाय उद्या हा उमेदवार आपल्याही गोष्टी बाहेर सांगेल, ही शंका वाचणाऱ्याच्या मनात येते.

‘इमिजिएट जॉइनर’चा मोह

खरा घोळ होतो तो दुसऱ्या अर्ध्या भागात. भारतीय आयटी कंपन्यांत 90 दिवसांचा नोटीस पिरियड सर्रास आढळतो, आणि घाईत असलेल्या कंपनीला ते नको असते. म्हणून उमेदवार ‘30 दिवस, निगोशिएबल’ असे ठोकून देतात. मुलाखती होतात, ऑफर येते आणि मग कळते की सध्याची कंपनी लवकर सोडायला तयार नाही. बायआउट, म्हणजे उरलेल्या दिवसांचे पैसे भरून सुटणे, हा उमेदवाराचा हक्क असेलच असे नाही. नियुक्तिपत्रात ‘कंपनीच्या संमतीने’ असे शब्द असतील तर निर्णय कंपनीचा. रक्कम मूळ वेतनावर काढायची की पूर्ण पगारावर, हेही तिथेच लिहिलेले असते. मेसेज पाठवण्यापूर्वी ते पत्र एकदा उघडून वाचायला पाच मिनिटे लागतात.

तारीख लिहिताना ती कशावर अवलंबून आहे हेही लिहावे. ‘ऑगस्टमध्ये’ म्हणणे आणि ‘ऑफरपासून 60 दिवसांनी’ म्हणणे यात फरक आहे. ऑफर महिनाभर लांबली तर पहिले उत्तर खोटे ठरते, दुसरे नाही. आधीच राजीनामा दिला असेल, तर लास्ट वर्किंग डे थेट सांगावा. ती उमेदवाराची खरी जमेची बाजू असते. काम फ्रीलान्स स्वरूपाचे असेल तर उपलब्धतेचा अर्थच बदलतो : आठवड्याला किती तास, आणि कोणत्या वेळेत. न्यूयॉर्कमधल्या ग्राहकाचे सकाळचे 9 म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात सायंकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात. हे गणित आधीच करून लिहिणारा उमेदवार वेगळा उठून दिसतो.

उत्तर आले नाही तर चार-पाच कामकाजी दिवसांनी एकदाच आठवण करावी, तीही काही नवे असेल तर : राजीनामा दिला, तारीख अलीकडे आली. ‘सर, एनी अपडेट?’ने जुना मेसेज वर येतो, पण यादीत दिसणारी ओळ पुन्हा रिकामीच असते.

या पद्धतीत अन्याय नाही असे मात्र म्हणता येणार नाही. कंपनीच्या पोर्टलवर निदान अर्ज पोहोचल्याची नोंद राहते. इथे मेसेज वाचला गेला की नाही हेही अनेकदा कळत नाही. पोस्ट आधी दिसली आणि इंग्रजी सफाईदार असले, की पारडे झुकते. उमेदवाराकडून नेमकी तारीख मागणाऱ्यांनी पोस्टमध्ये पगाराचा पल्ला लिहिला आणि जागा भरल्यावर ‘भरली’ एवढा एक शब्द जोडला, तर शेकडो लोकांच्या संध्याकाळी वाचतील. सध्या फार थोडे जण ते करतात.

थेट मेसेजचा हाच मोकळेपणा फसवणूक करणारेही वापरतात. दुसऱ्याच मेसेजला टेलिग्रामवर बोलावले, मुलाखतीआधीच ऑफर दिली किंवा लॅपटॉप, प्रशिक्षण, नोंदणी अशा नावाखाली पैसे मागितले, तर तिथेच थांबावे. कंपनीच्या अधिकृत ईमेलवरून एक ओळ पाठवा, असे सांगावे. खरा माणूस ती पाठवतो. पैसे गेलेच असतील तर 1930 या हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करावा आणि cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवावी. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी ती अडवण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच जास्त असते.