‘आणि’ की ‘किंवा’: क्षयरोगाच्या जोडचाळणीचे गणित

क्षयरोगाच्या सक्रिय शोधमोहिमेत एकाच व्यक्तीवर दोन चाळण्या लावल्या जातात, एक लक्षणांच्या विचारपुशीची आणि दुसरी छातीच्या एक्सरेची. ७ डिसेंबर २०२४ रोजी सुरू झालेल्या शंभर दिवसांच्या राष्ट्रीय मोहिमेत, कोणतेही लक्षण नसलेल्या परंतु जोखीम असलेल्या व्यक्तींचाही हातात धरता येणाऱ्या यंत्राने एक्सरे काढण्यावर भर देण्यात आला आणि तेव्हापासून ही जोडचाळणी तालुका पातळीवरील डॉक्टरांच्या व पर्यवेक्षकांच्या नित्याच्या कामाचा भाग झाली आहे. यापैकी प्रत्येक चाचणीचे गुणदोष बहुतेकांना ठाऊक असतात. परंतु दोन्ही उत्तरे एकत्र कशी वाचायची, म्हणजे थुंकी कोणाची घ्यायची, हा निर्णय मोहिमेच्या सूचनापत्रातील एका उभयान्वयी अव्ययावर सोपवलेला असतो आणि त्या अव्ययाची किंमत क्वचितच कोणी मोजून पाहते.

चाचणीची संवेदनशीलता म्हणजे प्रत्यक्ष रुग्ण असलेल्यांपैकी ती किती टक्के रुग्णांना पकडते ते प्रमाण, आणि विशिष्टता म्हणजे रोग नसलेल्यांपैकी किती टक्के लोकांना ती बिनचूकपणे सोडून देते ते प्रमाण. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शिकेनुसार, क्षयाचे कोणतेही एक लक्षण असणे ही कसोटी धरल्यास संवेदनशीलता ७१ टक्के व विशिष्टता ६४ टक्के येते, तर एक्सरेमध्ये कोणतीही विकृती दिसणे ही कसोटी धरल्यास ती अनुक्रमे ९४ व ८९ टक्के येते. दोन्ही चाचण्या सर्वांवर करून कोणतीही एक सकारात्मक आल्यास व्यक्तीला संशयित मानणे ही समांतर पद्धत; पहिली सकारात्मक आली तरच दुसरी करायची आणि दोन्ही सकारात्मक असतील तरच संशयित मानायचे ही क्रमवार पद्धत.

दिवेआगर, बोर्ली पंचतन, भरडखोल, शेखाडी अशा श्रीवर्धन तालुक्याच्या किनारपट्टीवरील गावांतून १५ वर्षांवरील १०,००० व्यक्तींची चाळणी करायची आहे असे उदाहरणादाखल मानावे. या पट्ट्यातील रोगाचे स्वतंत्र प्रमाण गृहीत न धरता, २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग प्रादुर्भाव सर्वेक्षणातील देशपातळीचा आकडा, म्हणजे एक लाखामागे ३१६ फुप्फुसांचे क्षयरुग्ण, इथे लावला तर १०,००० व्यक्तींत सुमारे ३२ रुग्ण आणि ९,९६८ रोगमुक्त व्यक्ती असतील. केवळ एक्सरेवर विसंबल्यास ३२ पैकी ३० रुग्ण हाती लागतील आणि त्यांच्यासोबत रोग नसलेले सुमारे १,०९६ लोक थुंकीच्या तपासणीसाठी पाठवावे लागतील. समांतर पद्धतीत रुग्ण निसटण्यासाठी तो दोन्ही चाळण्यांतून निसटावा लागतो. लक्षणांतून निसटण्याचे प्रमाण २९ टक्के आणि एक्सरेतून ६ टक्के असल्याने, दोन्ही चुका एकमेकींपासून स्वतंत्र मानल्या तर दोहोंतून निसटण्याचे प्रमाण १.७ टक्का भरते आणि संवेदनशीलता ९८.३ टक्क्यांवर जाते. मात्र रोगमुक्त व्यक्तीला सुटका मिळण्यासाठी आता दोन्ही चाचण्यांनी तिला सोडावे लागते, त्यामुळे विशिष्टता ६४ व ८९ टक्क्यांचा गुणाकार होऊन ५७ टक्क्यांवर घसरते. रुग्ण ३१ सापडतात, परंतु थुंकी तपासण्यासाठी पाठवायच्या रोगमुक्त व्यक्ती जवळजवळ ४,२९० होतात. क्रमवार पद्धतीत चित्र उलटे होते: संवेदनशीलता ६६.७ टक्के, विशिष्टता ९६ टक्के, सापडलेले रुग्ण २१ आणि विनाकारण पाठवलेले सुमारे ३९५.

या आकड्यांतील सर्वांत बोलकी तुलना समांतर व क्रमवार यांच्यातली नसून समांतर पद्धत आणि नुसता एक्सरे यांच्यातली आहे. लक्षणांची विचारपूस ‘किंवा’ने जोडल्यामुळे एखादाच जास्तीचा रुग्ण मिळतो आणि त्यासाठी जवळजवळ ३,२०० जास्तीच्या थुंक्या तपासाव्या लागतात. दोहोंपैकी एक चाचणी दुसरीपेक्षा दोन्ही निकषांवर सरस असेल, तर दुबळी चाचणी समांतर जोडल्याने संवेदनशीलता फार वाढत नाही, विशिष्टता मात्र दुबळीच्याही खाली जाते, ही गोष्ट मोहिमेच्या आखणीत सहसा विसरली जाते.

पुढची पायरी रेणवीय तपासणीची, म्हणजे गोव्यातील मोलबायो कंपनीने विकसित केलेल्या ट्रूनॅटसारख्या यंत्रावर थुंकीतील जंतूचा जनुकीय अंश शोधण्याची. आणि ही पायरीसुद्धा एक क्रमवार चाचणीच आहे हे ध्यानात ठेवले पाहिजे. तिची विशिष्टता ९९ टक्के धरली, तरी समांतर पद्धतीने आलेल्या ४,२९० रोगमुक्त व्यक्तींपैकी सुमारे ४३ जणांचा अहवाल चुकीने सकारात्मक येईल, जेव्हा खरे रुग्ण मुळात ३१ च आहेत. नुसत्या एक्सरेने चाळल्यास असे चुकीचे अहवाल ११ आणि क्रमवार पद्धतीत अवघे ४ येतील. ९९ टक्के विशिष्टता ऐकायला निर्दोष वाटते. पण चाळणीचे तोंड रुंद केले की शेवटच्या चाचणीवर येणारा भार एवढा वाढतो की, सहा महिन्यांच्या औषधोपचारावर ठेवलेल्यांत रोग नसलेले लोक रोग असलेल्यांहून अधिक होऊ शकतात.

आतापर्यंतचे सर्व गणित दोन्ही चाचण्यांच्या चुका परस्परांशी निगडित नाहीत या गृहीतकावर उभे आहे आणि क्षयरोगात हे गृहीतक दोन्ही बाजूंनी डळमळीत आहे. आजार कोवळ्या अवस्थेत असलेल्या रुग्णाला खोकला नसतो आणि त्याच्या एक्सरेवरील छायाही पुसट असते, त्यामुळे एका चाळणीतून निसटलेला रुग्ण दुसरीतूनही निसटण्याचा संभव वाढतो. उलट, पूर्वी क्षय होऊन बऱ्या झालेल्या व्यक्तीच्या फुप्फुसावर व्रण राहतो आणि तिला अधूनमधून खोकलाही येतो, त्यामुळे एका चाचणीने चुकीने पकडलेल्या अशा व्यक्तीला दुसरीही पकडते आणि क्रमवार पद्धतीतून अपेक्षित असलेली ९६ टक्के विशिष्टता प्रत्यक्षात मिळत नाही.

या परस्परसंबंधाची मात्रा माहीत नसली तरी त्याच्या सीमा कागदावर काढता येतात आणि त्यासाठी एक साधी नित्यसमता उपयोगी पडते. लक्षणांनी पकडलेले रुग्ण आणि एक्सरेने पकडलेले रुग्ण यांची बेरीज केली, तर दोहोंनी पकडलेले रुग्ण त्या बेरजेत दोनदा मोजले जातात. म्हणजेच त्या बेरजेत समांतर पद्धतीचे सर्व रुग्ण एकदा आणि क्रमवार पद्धतीचे सर्व रुग्ण आणखी एकदा येतात. म्हणून क्रमवार व समांतर संवेदनशीलतांची बेरीज ही दोन सुट्या संवेदनशीलतांच्या बेरजेएवढीच, इथे १६५ टक्के, राहते आणि चुका निगडित असोत वा नसोत, तिच्यात फरक पडत नाही. विशिष्टतेलाही हाच नियम लागू आहे. दोन्ही चाचण्या अगदी एकाच रुग्णांना चुकवत असतील, म्हणजे एक्सरेने निसटलेला प्रत्येक रुग्ण लक्षणांतूनही निसटत असेल, तर समांतर संवेदनशीलता ९४ टक्क्यांवरच थांबते आणि क्रमवार ७१ टक्क्यांपर्यंत चढते. चुका एकमेकींना पूर्णपणे टाळत असतील तर समांतर १०० आणि क्रमवार ६५ टक्के होते. एखाद्या अहवालात सांगितलेल्या समांतर व क्रमवार संवेदनशीलतांची बेरीज सुट्या संवेदनशीलतांच्या बेरजेशी जुळत नसेल, तर मोजणीत कुठेतरी चूक आहे असे निःशंकपणे म्हणता येते.

राष्ट्रीय सर्वेक्षणातील एक निष्कर्ष अनेकदा उद्धृत होतो: एक्सरे काढला नसता तर सापडलेल्यांपैकी ४२.६ टक्के रुग्ण हुकले असते. हा आकडा एक्सरेचे मोल ठसवतो हे खरे, परंतु थुंकी त्यांचीच घेतली गेली ज्यांची लक्षणांची अथवा एक्सरेची चाळणी सकारात्मक आली होती. दोन्हींमध्ये नकारात्मक आलेल्यांची थुंकी तपासलीच गेली नाही. साहजिकच टक्केवारीचा छेद सापडलेल्या रुग्णांचा आहे, अस्तित्वात असलेल्या सर्व रुग्णांचा नाही. क्रमवार मोहिमेत हा दोष आणखी गडद होतो, कारण पहिल्याच पायरीवर गळालेल्यांविषयी पुढे काहीच नोंद होत नाही आणि मग दुसऱ्या पायरीची संवेदनशीलता संपूर्ण मोहिमेची म्हणून सादर केली जाते. ७१ टक्के संवेदनशीलतेच्या चाळणीखाली ९४ टक्के संवेदनशील चाचणी ठेवली, तर ९४ टक्के हे यश पहिल्या चाळणीतून खाली आलेल्यांपुरतेच असते.

क्रम बदलल्याने क्रमवार पद्धतीची अंतिम अचूकता बदलत नाही. बदलते ते काम. लक्षणे आधी विचारल्यास १०,००० पैकी सुमारे ३,६०० एक्सरे पुरतात, एक्सरे आधी ठेवल्यास १०,००० काढावे लागतात आणि सापडणारे रुग्ण तेच २१ राहतात. समांतर पद्धतीतही हीच काटकसर शक्य आहे: लक्षण असलेल्या व्यक्तीची थुंकी थेट घ्यायची आणि एक्सरे फक्त लक्षण नसलेल्यांचा काढायचा. या नकारात्मक क्रमाचे फळ समांतर पद्धतीएवढेच असते, एक्सरे मात्र सुमारे ६,४०० पुरतात. दोन पायऱ्यांमधली गळती हा वेगळा विषय आहे. लक्षण सापडलेल्यांपैकी पाचवा हिस्सा एक्सरेला आलाच नाही, तर क्रमवार पद्धतीची ६६.७ टक्के संवेदनशीलता ५३ टक्क्यांवर येते. भरडखोलच्या बोटींवरचे खलाशी सर्वेक्षणाच्या दिवशी समुद्रावर असतील, तर त्यांच्यापुरती ती शून्य असते. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात स्थानिक खलाशी घरी भेटतात. पण त्याच महिन्यांत सर्दी-खोकल्याचे प्रमाण वाढते आणि लक्षणांच्या चाळणीची विशिष्टता ६४ टक्क्यांच्याही खाली उतरण्याचा संभव असतो. त्या हंगामात लक्षणांना ‘किंवा’ने जोडणे सर्वांत महाग पडेल.

म्हणून सर्वसाधारण लोकसंख्येत, जिथे एक्सरे सर्वांपर्यंत नेता येतो, तिथे थुंकीचा निर्णय एक्सरेवर सोपवावा आणि लक्षणांची नोंद माहितीपुरती ठेवावी, हे अधिक तर्कशुद्ध दिसते. एक्सरे नेता येत नसेल तिथे क्रमवार पद्धत घ्यावी, पण तिसरा हिस्सा रुग्ण हुकणार हे कागदावर मान्य करून. रुग्णाच्या घरातील सहवासितांचे मात्र वेगळे आहे. त्यांच्यात रोगाचे प्रमाण ३ टक्के धरले, तर समांतर जोडणीने मिळणाऱ्या प्रत्येक जास्तीच्या रुग्णामागे सुमारे २४० जास्तीच्या थुंक्या लागतात, सर्वसाधारण लोकसंख्येत हाच आकडा २,३०० च्या आसपास जातो. त्यामुळे सहवासितांसाठी ‘किंवा’चा खर्च परवडण्याजोगा ठरतो.

मोहिमेच्या मासिक अहवालात सध्या चाळलेले, संशयित व निश्चित अशा तीन संख्या पाठवण्याची पद्धत रूढ आहे. त्यांच्या जोडीला निश्चित झालेल्या रुग्णांची फोड, म्हणजे फक्त लक्षणांनी सापडलेले, फक्त एक्सरेने सापडलेले आणि दोहोंनी सापडलेले, अशी तीन रकान्यांत द्यावी, आणि दोन्ही चाळण्यांत नकारात्मक आलेल्यांपैकी यादृच्छिक रीतीने निवडलेल्या थोड्या व्यक्तींची थुंकीही तपासावी. रोग विरळ असल्याने एका तालुक्याच्या नमुन्यात बहुधा एकही रुग्ण निघणार नाही. म्हणून हा नमुना जिल्हा पातळीवर, अनेक तालुक्यांच्या नोंदी एकत्र करून वाचावा लागेल.