भाषणातून काय गाळलं

डोंबिवलीच्या गणेश मंदिराला २०२४ साली शंभर वर्षं झाली. त्यानिमित्त आमच्या ज्येष्ठांच्या कट्ट्यावर पाच मिनिटांचं भाषण लिहायचं काम माझ्याकडे आलं. पहिला मसुदा हिने घड्याळ लावून वाचला, चौदा मिनिटं! आधी देणगीदार काढले. एक नाव राहिलं तरी वर्षभर अबोला. माझ्या मते अशी यादी स्मरणिकेतच छापावी. मग 'पुरातन' हा शब्द गेला. १९२४चं मंदिर पुरातन कसलं? माझ्या शाळेच्या आठवणी खोडताना मात्र हात जड झाला. उरली १९९९ची गुढीपाडव्याची पहिली स्वागतयात्रा, जिच्यामागून ठाण्यात आणि इतर गावांतही अशा यात्रा निघू लागल्या. तेवढंच सांगितलं. साडेचार मिनिटं लागली. मागून कोणीतरी विचारलं, "सर, एवढंच?"