परिषदेला मी नाही, आत्या जाईल

साथींनो,

शहरातल्या एका परिषदेच्या आयोजकांचं मला पत्र आलं होतं. 'वनहक्क दाव्यांचे पुरावे' या विषयावर वीस मिनिटं बोला, असं त्यांनी लिहिलं होतं. मी नाही म्हणून कळवलं. यावर गावात दोघा-तिघांनी विचारलं, की चालून आलेला मान का सोडला? आपला माणूस स्टेजवर गेला तर चांगलंच ना? म्हणून हे लिहितो.

आपल्या पाड्यावरचे काही दावे फेटाळले होते, ते आठवा. कारण काय दिलं, तर दंडाची पावती नाही आणि उपग्रहाच्या फोटोत तिथं शेती दिसत नाही. फोटोत शेती दिसणार कुठून? वरकस जमिनीवर पहिल्या वर्षी नाचणी, दुसऱ्या वर्षी वरई, मग खुरासणी घेतो आणि नंतर ती जमीन काही वर्षं पडीक ठेवतो. पडीक वर्षातला फोटो काढला तर त्यात गवत अन् झुडपंच दिसणार.

स्थळपाहणी पुन्हा झाली तेव्हा आत्या पुढं चालली. ती वनहक्क समितीत आहे, पण शाळेत कधी गेली नाही. तिनं शेताच्या कडेला रचलेले दगडांचे ढीग दाखवले, जुना बांध दाखवला. मग ऐनाच्या झाडांपाशी साहेबांना थांबवलं. राबासाठी दरवर्षी टाहाळ तोडतात, तिथं खोडावर गाठी येतात. "ही गाठ एका वरसात येते का, सांगा," असं तिनं विचारलं. कोणता तुकडा कोणत्या साली पडीक होता, तेही तिनं ओळीनं सांगितलं. कुणाचं लग्न झालं, कुठल्या साली पाऊस गेला, अशा खुणांवर तिचा हिशोब चालतो. समितीनं ते सगळं पंचनाम्यात लिहून घेतलं आणि म्हाताऱ्या माणसांचे जबाब जोडले.

कायद्याच्या नियम १३ मध्ये हेच आहे. बांधबंदिस्तीसारख्या जमिनीवरच्या खुणा आणि वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब हेसुद्धा पुरावेच आहेत. दाव्याला निदान दोन पुरावे लागतात, पण त्यात अमुकच कागद पाहिजे असा हट्ट उपविभागीय किंवा जिल्हा समितीला धरता येत नाही. उपग्रहाचा फोटो बाकी पुराव्यांना जोड म्हणून चालतो, त्यांच्या जागी चालत नाही.

हे नियम मला पाठ आहेत. पण ती पाहणी झाली तेव्हा मी बारावीला, होस्टेलवर होतो. ऐनाच्या गाठी मी नंतर ऐकल्या. परिषदेत कुणी उलटा प्रश्न केला, की २००५ च्या १३ डिसेंबरच्या आधीचा ताबा झाडावरून कसा ठरवला, तर मी ऐकीव उत्तर दिलं असतं. आत्या बघितलेलं सांगेल. नुसती गाठ तारीख सांगत नाही, त्याला जबाबाची जोड लागते, हेही तीच नीट समजावून देते.

मी आधी आत्याला विचारलं. तिला न विचारता नाव दिलं असतं तर ते बरोबर झालं नसतं. ती म्हणाली, "भात झोडून झाला का येईन. पण कागद वाचायला लावू नका." मग ग्रामसभेत विषय ठेवला, होकार घेतला आणि आठ दिवसांच्या आत आयोजकांना उत्तर लिहिलं:

"बोलावल्याबद्दल आभार. मी येऊ शकत नाही, कारण त्या पाहणीत मी नव्हतो. ज्यांनी पुरावे दाखवले त्या आमच्या समितीच्या सदस्य यायला तयार आहेत. त्या भाषण करणार नाहीत, विचारलं तर सांगतील. सोबत एक बाई येईल. दोघींचं एसटीचं भाडं आणि राहायची सोय लागेल. नियमांचा एक कागद मी तयार करून देतो, तो आधी सगळ्यांना वाटावा."

आयोजकांचा फोन आला. त्यांना भाषेची काळजी होती, "लोकांना त्यांची बोली कळेल का?" मी म्हटलं, पाहणीला आलेल्या साहेबांना कळली होती. अडलं तर सोबतची बाई सांगेल. तरी ते म्हणाले, तुम्हीच या, त्यांना पुढच्या वेळी बोलावू. मी पुन्हा नाही म्हटलं. शेवटी भाषणाच्या जागी प्रश्नोत्तरं ठेवायला ते तयार झाले.

माझं मत एवढंच आहे. शिकलेल्या पोरांनी अर्ज लिहावेत, नियम वाचून दाखवावेत. पण आपल्यापैकी चार पोरंच दर वेळी स्टेजवर गेली, तर बाहेरच्यांना वाटेल की जमिनीची माहिती आपल्या कागदातच आहे. मग उद्या दाव्यालाही ते कागदच मागतील. म्हणून यापुढं बोलावणं कुणाच्याही नावावर येवो, ते ग्रामसभेत वाचावं आणि जो त्या बांधावर उभा होता त्याला पाठवावं.

आत्या परत आली, की तिथं काय काय विचारलं ते पुढच्या अंकात तिच्याच तोंडून लिहून घेईन.

जिंदाबाद!