‘कळलं का?’ विचारून भागत नाही

मा. संपादक,


‘टीबीचे पेशंट गोळ्या मधेच सोडतात, किती सांगितलं तरी ऐकत नाहीत’ हे वाक्य आमच्या डॉक्टरमंडळींच्या बैठकीत हटकून निघते. वृत्तपत्रांतूनही दोष बहुधा रुग्णाच्या अज्ञानाला किंवा निष्काळजीपणाला दिला जातो. पाथर्डी तालुक्यात रोज रुग्ण तपासणारा डॉक्टर म्हणून मला हे पटत नाही. सांगितलेले रुग्णापर्यंत पोचले की नाही, हे आपण तपासतच नाही. ते तपासणे डॉक्टरचे काम आहे आणि ते करता येते.

आपल्या भागाचेच उदाहरण घेतो. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांतून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांवर जातात आणि हंगाम संपला की मार्च-एप्रिलमध्ये परततात. फुफ्फुसाच्या साध्या, म्हणजे औषधांना दाद देणाऱ्या क्षयरोगाचा उपचारही सहा महिन्यांचा असतो. पहिले दोन महिने चार औषधे आणि पुढचे चार महिने तीन औषधे, तीही रोज. दसऱ्याला ज्याच्या बेडक्यात जंतू सापडले, त्याचा जवळजवळ सगळा उपचार फडावर आणि कोपीत पार पडणार असतो. तिथे त्याच्याबरोबर डॉक्टर नसतो. त्याच्या डोक्यात जे बसले असेल तेवढेच बरोबर असते.

अशाच एका कोयत्यातला पस्तिशीचा गडी समोर बसलेला असतो. तीन आठवडे खोकला, संध्याकाळी कणकण, वजन उतरलेले. त्याला मी सांगतो, ‘‘तुमच्या छातीत टीबीचे जंतू आहेत. ते खोकल्यातून पसरतात, ताट-वाटीतून नाही. सहा महिने रोज गोळ्या घ्यायच्या. गोळ्यांनी लघवी तांबडी होईल, त्याला भ्यायचं नाही. पण डोळे पिवळे झाले किंवा सारख्या उलट्या व्हायला लागल्या, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.’’ यापुढे ‘कळलं का?’ विचारले, की मान हलते आणि ‘व्हय’ येते. डॉक्टरसमोर ‘नाही कळलं’ म्हणायची हिंमत आपल्याकडे शिकलेल्यांनाही होत नाही. त्या ‘व्हय’वर विसंबून पुढचा नंबर बोलावणे ही आपली खरी चूक आहे.

त्याऐवजी मी म्हणतो, ‘‘मी नीट सांगितलं का नाही, ते मला बघायचंय. घरी गेल्यावर मालकीण विचारील, डॉक्टर काय म्हणाले? तिला काय सांगाल?’’ तो म्हणतो, ‘‘छातीत जंतू झालेत. खोकला थांबंपर्यंत गोळ्या खायच्या.’’

घोटाळा इथे सापडला. ‘सहा महिने’ त्याच्या कानावर पडले होते, पण त्याच्या हिशेबात औषध म्हणजे त्रास थांबेपर्यंत घ्यायची वस्तू. टीबीत नेमके हेच घातक ठरते. औषध लागू पडले की थोड्याच आठवड्यांत खोकला आणि ताप ओसरतात, भूक लागते, गडी कोयता हातात घेतो. या वेळेपर्यंत वेगाने वाढणारे जंतू मेलेले असतात, पण सुस्त पडून राहणारे चिवट जंतू शिल्लक असतात. पुढचे महिने त्यांच्यासाठी असतात. औषध मधेच तुटले तर आजार उलटतो, आणि अर्धवट, तुटक गोळ्यांतून औषधाला न जुमानणारे जंतू तयार होण्याचा धोका असतो.

हे त्याला शास्त्रीय भाषेत सांगून उपयोग नाही. मी विचारतो, ‘‘ऊस तोडला, रान मोकळं दिसलं, म्हणजे ऊस संपला का?’’ तो हसतो. ‘‘नाय, खोडवा फुटतो की.’’ ‘‘खोकला थांबणं म्हणजे तेवढंच. बुडखे आत आहेत. सहा महिन्यांच्या गोळ्या त्यांच्यासाठी.’’ मग पुन्हा त्यालाच बोलते करायचे. मात्र माझेच वाक्य त्याने जसेच्या तसे परत दिले, तर ते पाठांतर समजावे. खरी खूण पुढच्या प्रश्नात मिळते : ‘‘फडावर महिनाभरात खोकला थांबला आणि शेजारचा म्हणाला, आता कशाला गोळ्या, तर काय कराल?’’ दुसरा प्रश्न : ‘‘तिकडं गोळ्या संपल्या तर?’’ यावर ‘‘गावाकडं आल्यावर घेईन’’ असे उत्तर आले, की आणखी एक भोक दिसते. सरकारी उपचाराची नोंद ‘निक्षय’ प्रणालीत असते. ती बदलून कारखान्याजवळच्या सरकारी आरोग्य केंद्रातून गोळ्या फुकट मिळू शकतात, हे त्याला माहीतच नसते. नोंदणी क्रमांक लिहून देणे आणि तो कुठे दाखवायचा हे त्याच्याच तोंडून ऐकणे, एवढ्याने उपचार तुटायचे एक मोठे कारण जाते.

‘याला वेळ कुठून आणायचा?’ हा आक्षेप मला मान्य आहे, पण अर्धाच. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोमध्ये मधुमेही रुग्णांवर झालेला आणि 2003 साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. त्यात डॉक्टरांनी नव्याने सांगितलेल्या गोष्टी रुग्णाला समजल्या की नाही, हे फक्त 12 टक्के बाबतींत तपासले होते. जिथे तपासले, तिथल्या रुग्णांची साखर आटोक्यात असण्याचे प्रमाण जास्त होते, आणि त्या भेटींना इतरांपेक्षा जास्त वेळही लागला नव्हता. अर्थात तिथली भेट वीसेक मिनिटांची, आपली काही मिनिटांची. म्हणून प्रत्येक सर्दी-पडशाला हे करा असे मी म्हणत नाही. निदान नवे असेल किंवा औषध बदलले असेल, तेव्हा चुकल्यास सर्वांत महाग पडेल ती एक गोष्ट तरी रुग्णाकडून वदवून घ्यावी. बाकीचे परिचारिका किंवा आशाताई करू शकतात.

दुसरा आक्षेप, ‘अडाणी माणसाला जमत नाही.’ याला उत्तर आपल्याच जिल्ह्याने दिले आहे. जामखेडला 1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी सुरू केलेल्या प्रकल्पात गावांनी निवडलेल्या, बहुतेक शाळेची पायरी न चढलेल्या बायका आरोग्यसेविका झाल्या. जामखेडला येऊन शिकायचे आणि गावात जाऊन तेच आपल्या बोलीत इतरांना सांगायचे, हा त्यांच्या कामाचा गाभा होता. गरोदरपणापासून क्षय-कुष्ठरोगापर्यंतचे विषय त्यांनी असे हाताळले. ज्याला अक्षर येत नाही, त्याला आजार समजू शकत नाही, हा समज तेव्हाच खोटा ठरला आहे.

एक पथ्य मात्र पाळावे लागते. उत्तर रुग्णाकडूनच यायला हवे. सुनेचा आजार सासूने सांगितला, म्हाताऱ्याचा मुलाने सांगितला, तर गोळी गिळणाऱ्याला काय कळले हे कळतच नाही. आणि या पद्धतीची मर्यादाही सांगितली पाहिजे. उचल घेतलेल्या मजुराला मुकादम दवाखान्यासाठी खाडा करू देत नसेल किंवा केंद्रात गोळ्याच नसतील, तर नुसते समजून काही होणार नाही. पण मग दोष कुठे आहे ते तरी स्पष्ट दिसेल; तो रुग्णाच्या माथी मारता येणार नाही.

2019पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात संवादकौशल्य अधिकृतपणे आले आहे. तरी केसपेपरवर त्याला जागा नाही. माझी सूचना साधी आहे. जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाने क्षयरोगाच्या उपचार पत्रकात एक ओळ वाढवावी : ‘औषध किती दिवस व का, हे रुग्णाने स्वतःच्या शब्दांत काय सांगितले?’ होय-नाहीची चौकट नको, रुग्णाचे वाक्यच लिहावे. सुरुवात यंदाचा गळीत हंगाम सुरू होण्याआधी, टोळ्या गावात असतानाच करावी. हंगामाअखेर ज्यांचे उपचार तुटले, त्यांची ती ओळ काढून वाचावी. पेशंट ऐकत नाहीत की आपण विचारत नाही, याचा निकाल त्यातून लागेल.

आपला,
एक वैद्यकीय व्यावसायिक,
ता. पाथर्डी, जि. अहिल्यानगर