कणकुंबीचा पाऊस आणि दुष्काळाची यादी

मलप्रभेचा उगम असलेले, हजारो मिलिमीटर पाऊस झेलणारे कणकुंबी ज्या खानापूर तालुक्यात आहे, तो तालुका २०२३ मध्ये कर्नाटकाने दुष्काळग्रस्त घोषित केला. १३ सप्टेंबरच्या पहिल्या यादीतील १९५ तालुक्यांत खानापूर नव्हते. ऑक्टोबरच्या पुरवणी यादीत ते बेळगाव तालुक्यासह आले. त्या काही आठवड्यांत आभाळाइतकाच निकषांचाही प्रश्न होता.

केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेत पाऊस किती पडला यापेक्षा तो त्या भागाच्या सरासरीहून किती कमी पडला, हे पाहतात. पावसाची मोठी तूट किंवा सलग तीन-चार आठवड्यांचा खंड ही पहिली पायरी. त्यानंतर पेरणीचे क्षेत्र, उपग्रहाने टिपलेली पिकांची स्थिती, जमिनीतील ओलावा आणि जलसाठे तपासतात. शेवटी दहा टक्के गावे निवडून प्रत्यक्ष पाहणी होते. नुकसान ३३ टक्क्यांवर गेल्यास मध्यम आणि ५० टक्क्यांवर गेल्यास तीव्र दुष्काळ ठरतो.

अडचण सरासरीत आहे. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. तालुक्याच्या घाटाकडील भागात ३००० मिलिमीटर अपेक्षित असता २७०० पडला आणि पूर्वेकडील कोरडवाहू भागात ८०० ऐवजी ४००. दोन्हींची बेरीज केली, तर तूट अवघी १८ टक्के भरते. हवामान खाते १९ टक्क्यांपर्यंतच्या तुटीला ‘सामान्य’ म्हणते. पूर्वेकडील शेतकऱ्याचा निम्मा पाऊस गेला, पण कागदावर काहीच घडलेले नाही. जांबोटी आणि बिडी ही एकाच तालुक्यातील ठिकाणे, परंतु त्यांचा पाऊस एक नाही. कर्नाटकात ग्रामपंचायत स्तरावर पर्जन्यमापक आहेत. तरीही २०२३ च्या घोषणा तालुकानिहाय झाल्या. आकडा गावचा आणि निर्णय तालुक्याचा, हे समर्थनीय वाटत नाही.

यादीत नाव येणे मानापमानाचा विषय नव्हे. कोरडवाहू पिकासाठी केंद्रीय निकषांनुसार हेक्टरी ८,५०० रुपये, तेही दोन हेक्टरांपर्यंत, मिळण्याचा मार्ग दुष्काळात या घोषणेतून जातो. तूट मोजण्याची अट शिथिल करावी आणि खंड तीनऐवजी दोन आठवड्यांचा धरावा, अशी मागणी मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी पंतप्रधानांकडे केली होती, ती याचसाठी.

पुराचे गणित निराळे आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये याच जिल्ह्यात कृष्णा आणि घटप्रभेने गावे वेढली, तेव्हा नुकसानीची हद्द पाण्यानेच आखली. पुढचे काम पंचनाम्याचे होते. मात्र पूर न येता अतिवृष्टीने शेतात पीक कुजले, तर आपण त्याला ‘ओला दुष्काळ’ म्हणतो आणि हा शब्द संहितेत कोठेच नाही. दुष्काळ जाहीर करा, ही त्या वेळची मागणी नियमाला टेकत नाही. तेथेही ३३ टक्के नुकसानीचा पंचनामाच हाती घ्यावा लागतो.